पोहोच-प्रश्न आणि लॉग-अवकाश रूपांतरण

मागील घटकात आपण मर्यादित स्मृतीची यंत्रे आणि त्यांना ओळखता येणाऱ्या भाषा यांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात त्याच विचाराचा एक पुढचा टप्पा पाहावयाचा आहे. यंत्राजवळ लिहिण्यासाठी फारच थोडी जागा असेल, तर त्याला कोणते प्रश्न सोडविता येतात, आणि अशा सर्व प्रश्नांचे सार एकाच प्रश्नात कसे सामावते, हा या घटकाचा विषय होय. विषय गणिताचा वाटला तरी त्याची मुळे भाषाविज्ञानाच्या अंगणातही पोहोचतात. ती कशी, हे शेवटी येईल.

१. कोशातील प्रवास

एखाद्या शब्दकोशात 'घागर' हा शब्द आपण काढतो. तेथे अर्थ दिलेला नसतो. केवळ 'पहा : घडा' एवढेच असते. 'घडा' काढावा तर तेथे 'पहा : कलश' आणि 'पहा : मडके' अशा दोन सूचना असतात. 'कलश' उघडला तर तो पुन्हा 'घडा'कडे पाठवितो. कोशकारांच्या या खोडीचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. असा एक काल्पनिक कोश घेऊ, ज्यात ६०,००० नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंदीत काही 'पहा' सूचना आहेत. प्रश्न असा : 'घागर' या नोंदीपासून निघून, केवळ 'पहा' सूचनांच्या वाटेने, 'पात्र' या नोंदीपर्यंत पोहोचता येते काय?

नोंदींऐवजी बिंदू आणि सूचनांऐवजी बाण काढले की या रचनेला गणितात दिशायुक्त आलेख म्हणतात. बाणाची दिशा महत्त्वाची आहे. 'घागर'कडून 'घडा'कडे जाता येते म्हणून 'घडा'कडून 'घागर'कडे परतता येईलच असे नाही. दिलेल्या आलेखात एका ठरावीक बिंदूपासून दुसऱ्या ठरावीक बिंदूपर्यंत बाणांची वाट आहे काय, या प्रश्नाला आपण पोहोच-प्रश्न म्हणू.

हा प्रश्न सोडविण्याची सर्वपरिचित रीत अशी : जी नोंद पाहून झाली तिच्यावर पेन्सिलीने खूण करावी, तिच्यातून निघणाऱ्या सर्व नोंदी पाहाव्यात, खूण झालेल्या नोंदी वगळाव्यात. रीत अचूक आहे आणि वेगवानही आहे. तिला लागते ती जागा. प्रत्येक नोंदीसाठी एक खुणेची चौकट, म्हणजे एकूण ६०,००० चौकटी.

आता अट घालू. कोश वाचता येईल, हवा तितक्या वेळा वाचता येईल, पण त्यावर खूण करता येणार नाही. लिहिण्यासाठी हातात फक्त एक लहानशी चिठ्ठी आहे. ती किती लहान? नोंदींना क्रमांक दिले आणि ते शून्य व एक या दोनच अंकांत लिहिले, तर १६ अंकांत ६५,५३६ क्रमांक बसतात. म्हणजे एका नोंदीचे नाव लिहावयास १६ चौकटी पुरतात. कोश दुप्पट मोठा झाला तर चौकट फक्त एकच वाढते. या संथ वाढीलाच लॉगॅरिदमची वाढ म्हणतात. यंत्राजवळ लॉग-अवकाश आहे याचा व्यावहारिक अर्थ एवढाच की चिठ्ठीवर काही थोडी नावे किंवा मोजण्या मावतील. किती, ते आधीच ठरलेले असेल. कोश वाढला म्हणून नावांची संख्या वाढविता येणार नाही.

२. अनियत यंत्राची वाटचाल

खुणा करता येत नाहीत, तर मग कसे चालावे? येथे अनियत यंत्राची कल्पना उपयोगी पडते. नियत यंत्राला प्रत्येक क्षणी पुढचे पाऊल एकच असते. अनियत यंत्रापुढे अनेक पावले असू शकतात आणि त्यांपैकी कोणतेही ते निवडू शकते. निवडींची निदान एक मालिका जरी होकारापर्यंत पोहोचली, तरी यंत्राने होकार दिला असे आपण मानतो. चुकीच्या निवडींनी बिघडत नाही. मात्र उत्तर 'नाही' असताना कोणतीही मालिका होकारापर्यंत जाता कामा नये. हे यंत्र प्रत्यक्षात कोणी बांधलेले नाही. ते एक मोजमाप आहे. व्याकरणातील नियमांच्या बाबतीत आपण हेच करतो : नियम कोणत्या क्रमाने लावावेत हे न सांगता, कोणत्या तरी क्रमाने वाक्य सिद्ध होते काय एवढेच विचारतो.

अनियत यंत्राची चिठ्ठी अशी असेल. तिच्यावर सध्याच्या नोंदीचा क्रमांक, पुढे निवडलेल्या नोंदीचा क्रमांक आणि टाकलेल्या पावलांची मोजणी. यंत्र पुढची नोंद निवडते, कोशात पाहून तशी 'पहा' सूचना खरोखर आहे याची खात्री करते, जुनी नोंद पुसून नवी लिहिते आणि मोजणी एकने वाढविते. 'पात्र' लागले की होकार. तीन आकडे, प्रत्येकी १६ चौकटी, म्हणजे एकंदर ४८ चौकटी.

मोजणी कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. 'घडा' आणि 'कलश' यांच्यातील फेरा आठवावा. मागचे काहीच लक्षात नसलेले यंत्र त्या फेऱ्यात कायमचे अडकेल. मात्र वाट असलीच तर एकही नोंद दोनदा न घेणारी वाटही असते, आणि तशा वाटेत ५९,९९९ पेक्षा अधिक पावले असू शकत नाहीत. तेवढी पावले होऊनही 'पात्र' आले नाही तर ती मालिका नकार देऊन थांबते.

अनियत यंत्राला लॉग-अवकाशात सोडविता येणाऱ्या प्रश्नांच्या वर्गाला 'एनएल' म्हणतात. नियत यंत्राच्या तशाच वर्गाला 'एल' म्हणतात. पोहोच-प्रश्न 'एनएल'मध्ये आहे, हे आपण आत्ताच पाहिले.

३. प्रत्येक गणन हा एक प्रवास

पोहोच-प्रश्न 'एनएल'मधील अनेक प्रश्नांपैकी एक आहे, एवढेच म्हणून थांबता येत नाही. 'एनएल'मधील प्रत्येक प्रश्न पोहोच-प्रश्नाच्या रूपात मांडता येतो. ज्या प्रश्नात वर्गातील सर्व प्रश्न असे मांडता येतात आणि जो स्वतःही त्या वर्गात असतो, त्याला त्या वर्गाचा पूर्ण प्रश्न म्हणतात.

हे समजण्यासाठी एक अगदी छोटे यंत्र घेऊ. 'क' आणि 'ग' या दोनच अक्षरांचे शब्द आहेत. शब्दाचे शेवटून दुसरे अक्षर 'क' आहे काय, हे ओळखावयाचे आहे. यंत्र डावीकडून उजवीकडे एकदाच वाचते. त्याच्या तीन अवस्था आहेत : प्रतीक्षा, निवड आणि शेवट. प्रतीक्षेत असताना कोणतेही अक्षर वाचून ते प्रतीक्षेतच राहू शकते. परंतु 'क' वाचल्यास, 'हाच तो क' असा तर्क करून निवड अवस्थेत जाऊही शकते. निवड अवस्थेत आणखी एक अक्षर वाचले की शेवट अवस्था येते. शेवट अवस्थेतून पुढे वाट नाही. शब्द संपताना यंत्र शेवट अवस्थेत असेल तर होकार.

शब्द घेऊ 'गकग'. कोणत्याही क्षणी यंत्राची संपूर्ण हकीकत दोन गोष्टींत सांगता येते : अवस्था कोणती आणि किती अक्षरे वाचून झाली. या जोडीला आपण स्थितिचित्र म्हणू. अवस्था तीन, वाचलेली अक्षरे ०, १, २ किंवा ३, म्हणून एकूण १२ स्थितिचित्रे. हे बारा बिंदू मांडावेत आणि जेथे एका पावलात एका चित्रातून दुसऱ्यात जाता येते तेथे बाण काढावा.

प्रतीक्षेतून प्रतीक्षेत जाणारे तीन बाण आहेत, प्रत्येक अक्षरासाठी एक. निवडीतून शेवटाकडे जाणारेही तीन. प्रतीक्षेतून निवडीकडे मात्र एकच बाण निघतो, कारण शब्दात 'क' एकच आहे आणि तो दुसरा आहे : (प्रतीक्षा, १) पासून (निवड, २) पर्यंत. एकूण सात बाण. आता यंत्र 'गकग' स्वीकारते काय, हा प्रश्न बाजूला ठेवून केवळ आलेखाकडे पाहावे. (प्रतीक्षा, ०) पासून (शेवट, ३) पर्यंत वाट आहे काय? (प्रतीक्षा, ०), (प्रतीक्षा, १), (निवड, २), (शेवट, ३). वाट आहे. म्हणजे शब्द स्वीकारला.

'गगक' या शब्दासाठीही बिंदू तेच बारा आणि बाणही सातच. फक्त एक बाण जागा बदलतो : तो आता (प्रतीक्षा, २) पासून (निवड, ३) पर्यंत जातो. (शेवट, ३) मध्ये शिरणारा एकमेव बाण (निवड, २) पासून येतो, आणि (निवड, २) मध्ये आता काहीच शिरत नाही. वाट नाही; शब्द नाकारला. 'ककग' या शब्दाचा आलेख आपण स्वतः वहीत काढून पाहावा. बाण आठ भरले आणि वाट सापडली, तर रीत नीट समजली असे समजण्यास हरकत नाही.

आपले यंत्र चिठ्ठीविना चालणारे होते. चिठ्ठी असलेल्या यंत्राच्या स्थितिचित्रात आणखी दोन गोष्टी घालाव्या लागतात : चिठ्ठीवर काय लिहिले आहे आणि चिठ्ठीच्या कोणत्या चौकटीवर लेखणी आहे. येथेच लॉगॅरिदमचे महत्त्व कळते. १६ चौकटींची चिठ्ठी ६५,५३६ प्रकारे भरता येते. चौकटींची संख्या शब्दाच्या लांबीच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात असेल, तर चिठ्ठी भरण्याच्या प्रकारांची संख्या लांबीच्या एखाद्या ठरावीक घाताइतकीच राहते. ती आवाक्याबाहेर फुटत नाही. म्हणून स्थितिचित्रांचा आलेख मोठा असला तरी त्यातील एका बिंदूचे नाव पुन्हा लॉग-अवकाशातच मावते. चिठ्ठी शब्दाइतकी लांब असती, तर हे साधले नसते.

एक बारकावा राहिला. होकार देताना चिठ्ठीवर निरनिराळे लिखाण उरलेले असू शकते, आणि मग गंतव्य बिंदू अनेक होतात. यावर उपाय सोपा आहे : होकारापूर्वी यंत्राने चिठ्ठी पुसावी आणि आरंभस्थानी परतावे, असा नियम घालावा. मग गंतव्य एकच उरते.

४. रूपांतरण म्हणजे काय

शब्दापासून आलेख तयार करण्याचे हे काम कोणी करावयाचे, आणि किती साधनांनी? या प्रश्नाकडे विद्यार्थ्यांचे बहुधा दुर्लक्ष होते.

समजा रूपांतर करणाऱ्याला भरपूर वेळ आणि भरपूर जागा दिली. 'एनएल'मधील प्रत्येक प्रश्न भरपूर जागा असलेल्या नियत यंत्राला वाजवी वेळात सोडविता येतो. स्थितिचित्रांचा आलेख मांडून त्यावर खुणा करीत गेले की झाले. तेव्हा असा सधन रूपांतरकार मूळ प्रश्न स्वतःच सोडवील, आणि उत्तर 'होय' असेल तर दोन बिंदू व एक बाण, 'नाही' असेल तर बाणाविना दोन बिंदू काढून आपल्या हाती देईल. आलेख मिळाला, पण त्यातून काहीच सिद्ध झाले नाही. सारे काम रूपांतरणातच उरकले गेले. म्हणून रूपांतरकार हा ज्या वर्गाचा अभ्यास चालू आहे त्या वर्गाहून समर्थ असता कामा नये.

लॉग-अवकाश रूपांतरणात रूपांतरकार नियत यंत्र असतो आणि त्याच्याजवळ तीन फिती असतात. वाचनफितीवर मूळ शब्द असतो. तो वाचता येतो, बदलता येत नाही. कार्यफीत ही त्याची लॉग-अवकाशाची चिठ्ठी. लेखनफितीवर उत्तर लिहावयाचे, परंतु लिहिलेले पुन्हा वाचता येत नाही. लेखणी पुढेच जाते. लेखनफितीची लांबी चिठ्ठीच्या हिशेबात धरीत नाहीत. ती वाचता आली असती, तर तिचाच स्मृती म्हणून उपयोग झाला असता आणि चिठ्ठीची अट निरर्थक ठरली असती.

आपल्या उदाहरणात तो काय करतो? बारा बिंदूंच्या १४४ जोड्या तो एकामागून एक घेतो. चिठ्ठीवर एका वेळी एकच जोडी असते. (प्रतीक्षा, १) आणि (निवड, २) ही जोडी आली की तो वाचनफितीवर दुसरे अक्षर पाहतो, ते 'क' आहे असे दिसताच लेखनफितीवर तो बाण नोंदवितो, चिठ्ठी पुसतो आणि पुढची जोडी घेतो. यंत्र होकार देईल की नाही, याचा विचार तो करीतच नाही. जोडी जुळते की नाही, एवढेच पाहणारा तो केवळ लेखनिक होय.

५. मधला आलेख ठेवायचा कुठे?

एका संपर्क सत्रात मी येथवर शिकवून झाल्यावर म्हणालो, "आता पोहोच-प्रश्न नियत यंत्राने लॉग-अवकाशात सुटला, तर 'एनएल'मधील प्रत्येक प्रश्न तसा सुटेल, आधी रूपांतरण करायचे, मग आलेखावर ते यंत्र चालवायचे." मागील बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण मधला आलेख ठेवायचा कुठे? चिठ्ठीवर तर तो मावणार नाही." त्या क्षणी मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. तिची शंका रास्त होती. बारा बिंदूंच्या आलेखातही सात बाण आहेत. खऱ्या आलेखाचा विस्तार चिठ्ठीच्या कैक पट असतो.

उत्तर असे, की आलेख कोठेच ठेवावयाचा नाही. पोहोच-प्रश्न सोडविणाऱ्या यंत्राला आलेखाचे ५७ वे चिन्ह हवे असेल, तर रूपांतरकाराला आरंभापासून कामाला लावावे. तो जे चिन्ह काढील ते लिहू न देता फक्त मोजावे. पहिली छप्पन्न सोडून द्यावीत आणि सत्तावन्नावे यंत्राच्या हाती द्यावे. लगेच पुढे यंत्राने ५६ वे मागितले, तर रूपांतरकाराला पुन्हा पहिल्यापासून बसवावे. चिठ्ठीवर लागते काय? रूपांतरकाराची स्वतःची चिठ्ठी, यंत्राची चिठ्ठी, आणि कितवे चिन्ह हवे व कितवे चालू आहे हे दोन आकडे. चारही गोष्टी लॉग-अवकाशात मावतात.

वेळेची उधळपट्टी यात प्रचंड आहे, आणि ती मुद्दाम केलेली आहे. घरात सामान ठेवावयास जागा नसलेला माणूस प्रत्येक वेळी दुकानात जाऊन एकेक वस्तू आणतो, तसे हे आहे. या युक्तीमुळेच एका रूपांतरणापुढे दुसरे जोडले तरी ते लॉग-अवकाशातच राहते. त्यामुळे एखादा नवा प्रश्न 'एनएल'साठी पूर्ण आहे हे दाखविताना प्रत्येक वेळी यंत्रापासून सुरुवात करावी लागत नाही. तो प्रश्न 'एनएल'मध्ये आहे असे दाखवून पोहोच-प्रश्नाचे त्यात रूपांतरण केले की पुरे. उत्तरपत्रिकांत वारंवार आढळणारी चूक अशी की 'प्रथम संपूर्ण आलेख कार्यफितीवर लिहावा' हे वाक्य सहज लिहिले जाते. ती ओळखण्याचा मार्ग एकच : प्रत्येक पायरीला चिठ्ठीवर नेमके काय काय आहे, याची यादी करावी. यादीत 'बिंदूंचा संच' किंवा 'आतापर्यंतची वाट' असे काही आले की सिद्धता फसली.

६. नियत यंत्राला किती जागा पुरेल?

१९७० साली वॉल्टर सॅविच यांनी एक सुंदर मार्ग दाखविला. 'घागर'पासून 'पात्र'पर्यंत ६५,५३६ पावलांच्या आत वाट आहे काय, हे विचारण्याऐवजी, मधोमध कोणती नोंद असू शकेल असे विचारावे. प्रत्येक नोंद क्रमाने मध्यस्थ म्हणून घ्यावी आणि दोन्ही अर्धे ३२,७६८ पावलांत सुटतात काय ते पाहावे. प्रत्येक अर्ध्याचे पुन्हा अर्धे करावेत. सोळा वेळा अर्धे केले की एका पावलाचा प्रश्न उरतो, आणि तो कोशात पाहून सुटतो. पहिला अर्धा सुटल्यावर त्याचीच जागा पुसून दुसऱ्यासाठी वापरावी. प्रत्येक पातळीवर आरंभ, अंत आणि मध्यस्थ ही तीन नावे, म्हणजे ४८ चौकटी. सोळा पातळ्यांना ७६८, आणि कोणता अर्धा चालू आहे हे लक्षात ठेवण्यास पातळीमागे आणखी एखादी चौकट. खुणांच्या रीतीला ६०,००० चौकटी लागत होत्या. मात्र वाट नसल्यास पाहाव्या लागणाऱ्या शक्यतांची संख्या ऐंशीहून अधिक आकडी होते, हेही ध्यानात असावे.

अनियत यंत्राच्या ४८ आणि नियत यंत्राच्या ७६८ यांमधील अंतर कायमचे आहे, की आपल्या अज्ञानाचे? याचे उत्तर अद्याप कोणाजवळही नाही. 'एल' आणि 'एनएल' एकच आहेत काय, हा प्रश्न अनुत्तरित आहे, आणि पूर्णतेमुळे तो सगळा या एका कोशप्रवासावर येऊन ठेपला आहे. बाणांना दिशा नसती, म्हणजे प्रत्येक 'पहा' दोन्हीकडून असते, तर नियत यंत्रालाही लॉग-अवकाश पुरतो, हे ओमर राइनगोल्ड यांनी २००४ साली सिद्ध केले. त्यांची रीत दिशायुक्त आलेखाला लागू पडत नाही.

७. भाषाविज्ञानातून आलेला प्रश्न

'वाट आहे' हे पटविण्यास वाट दाखविली की पुरते. 'वाट नाही' हे अनियत यंत्र कसे पटविणार? जपानी वाक्यरचनेवरील कामासाठी भाषावैज्ञानिकांना परिचित असलेले एस. वाय. कुरोदा यांनी १९६४ साली संदर्भाधीन भाषांविषयी दोन प्रश्न उपस्थित केले होते. तेथे चिठ्ठी शब्दाइतकी लांब असते, परंतु अडचण याच जातीची आहे. त्यांचा एक प्रश्न असा : एखादी भाषा संदर्भाधीन असेल, तर तिच्यात नसलेल्या शब्दांची भाषाही संदर्भाधीन असते काय?

१९८७ साली नील इमरमन आणि त्या वेळी विद्यार्थी असलेले रॉबर्ट सेलेप्चेनी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, होकारार्थी उत्तर दिले. त्यांची युक्ती मोजणीची आहे. 'घागर'पासून नेमक्या किती नोंदींपर्यंत पोहोचता येते, हा आकडा हाती असेल, तर यंत्र कोश क्रमाने चाळते, तेवढ्या नोंदींच्या वाटा एकेक करून तर्काने चालून दाखविते आणि त्यांत 'पात्र' नाही हे पाहते. मोजणी पूर्ण भरली आणि 'पात्र' आले नाही, तर वाट नाही हे सिद्ध झाले. तो आकडाही एका पावलात पोहोचता येणाऱ्या नोंदी, मग दोन पावलांत, अशा क्रमाने यंत्र स्वतःच काढते. चिठ्ठीवर फक्त मागील आकडा, चालू आकडा आणि काही थोडी नावे असतात. कुरोदा यांचा दुसरा प्रश्न, शब्दाइतकी चिठ्ठी असताना नियत यंत्र अनियत यंत्राची बरोबरी करू शकते काय, हा अजूनही खुला आहे. पोहोच-प्रश्न कोणी नियत यंत्राने लॉग-अवकाशात सोडविला, तर त्याचेही होकारार्थी उत्तर आपोआप मिळेल.